स्वीकृती नमुना तपासणी

आलेल्या मालाच्या गटातील मोजके नग तपासून संपूर्ण गट स्वीकारण्याच्या किंवा नाकारण्याच्या पद्धतीस स्वीकृती नमुना तपासणी म्हणतात. भारतात यासाठी आयएस २५०० हे मानक आहे. समजा, कळवण येथील कांदा व्यापाऱ्याकडे १,००० जाळीदार गोण्या आल्या. स्वीकार्य दोषपातळी १ टक्का धरल्यास सर्वसाधारण तपासणीत ८० गोण्या यदृच्छेने काढतात. उसवलेल्या गोण्या दोनपर्यंत असल्यास गट स्वीकारतात, तीन आढळल्यास नाकारतात. तरीही ५ टक्के सदोष गट पाचांतून सुमारे एकदा निसटतोच.

निर्णय होईपर्यंत गोण्यांची नोंद ‘तपासणीअधीन’ खात्यात राहते. नाकारलेला गट तेथून ‘परत पाठवावयाचा माल’ या खात्यात जातो. वापरयोग्य साठ्यात तो कधीच मिळवला जात नाही. आवक होताच तो शिलकेत धरला, तर वहीत हजार गोण्या दिसतात, नवी मागणी नोंदवली जात नाही आणि ऐन भरणीच्या दिवशी गोण्या अपुऱ्या पडतात.