केसांतील गजरा व त्याचे सोबती

गेल्या गणेशोत्सवात आमच्या बैठकीत एक लहानसा प्रसंग घडला. झाकरीचा फेर रंगात आला असता पुढच्या ओळीतील एका मुलीचा गजरा सुटून पायांखाली आला. तिने नाच थांबविला नाही; परंतु कार्यक्रम संपल्यावर ती कोपऱ्यात जाऊन रडू लागली. तो गजरा तिच्या आजीने दुपारभर बसून ओवला होता. आजी जवळ येऊन एवढेच म्हणाली, “बाळ, चूक गजऱ्याची नाही. त्याच्याखाली काय होते ते मला दाखव.” खाली होता एक सैल, गुळगुळीत अंबाडा आणि त्यात खोचलेली एक क्लॉ क्लिप.

आजीच्या त्या एका वाक्यात केशभूषेचे पुष्कळसे मर्म आले आहे. स्क्रंची, क्लॉ क्लिप आणि हेअरबँड ही साधने केसांना धरून ठेवतात. गजरा केसांना धरीत नाही. केसांनीच त्याला धरावे लागते. म्हणून पहिल्या तिघांचा स्वभाव जिला कळला, तिच्याच केसांत गजरा टिकतो.

प्रथम स्क्रंची घेऊ. १९८०–९० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या रॉमी रेव्हसन यांनी पेटंट मिळविल्यानंतर, ती जगभर पसरली. मूळ वस्तू अगदी साधी: कापडाची नळी आणि तिच्या पोटात इलॅस्टिक. सुमारे ५५ सेंटीमीटर लांब व ९ सेंटीमीटर रुंद पट्टी आणि २० सेंटीमीटर इलॅस्टिक एवढ्यात ती घरी शिवता येते. चोळीच्या उरलेल्या कापडाचीही होते. कापड इलॅस्टिकहून पुष्कळ लांब असल्यामुळे त्याला चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांमुळे केसांवरील दाब एका रेषेत न पडता पसरतो. बारीक रबराने केस ज्या जागी तुटतात, तेथे स्क्रंचीने सहसा तुटत नाहीत. मात्र कापडाची निवड महत्त्वाची आहे. मखमल केसांना धरते, तर साटीन त्यांवरून घसरते. रात्री निजताना सैल शेपटा बांधावयाचा तर साटीन उत्तम. नाचावयाचे तर मखमल. डोक्याच्या उंच भागी बांधली की चेहरा खेळकर दिसतो. मानेजवळ बांधली की शांत व घरगुती.

क्लॉ क्लिप, जिला भारतात पुष्कळजणी क्लचर म्हणतात, ती १९८६ साली फ्रान्समधील ख्रिस्तियान पोतू यांनी काढली. दोन दातेरी पाकळ्या आणि मध्ये एक स्प्रिंग, एवढीच तिची रचना. केस मानेजवळ गोळा करून पीळ द्यावा, पीळ डोक्याला लगटून वर न्यावा आणि क्लिप अशी लावावी की तिच्या दातांत पिळाबरोबर टाळूलगतचे थोडे केसही सापडतील. नुसता पीळ पकडला, तर क्लिप पिळासकट लोंबू लागते. केसांची टोके वरून कारंज्यासारखी मोकळी पडतात, आणि ‘सहज बांधले’ असा देखावा तयार होतो. ॲसिटेटची क्लिप किंचित वाकते व टिकते. स्वस्त, ठिसूळ प्लास्टिकची क्लिप बहुधा स्प्रिंगजवळ तुटते. विकत घेताना दातांच्या कडेवरून बोट फिरवावे. साच्याची खरखरीत रेघ लागली, तर तीच रेघ पुढे केस कापते.

हेअरबँडाचे काम निराळे आहे. तो मागचे केस बांधीत नाही, पुढचे आवरतो. कपाळाच्या केसरेषेपासून दोन बोटे मागे तो बसवावा आणि थोडा पुढे सरकवावा, म्हणजे मुळाशी किंचित फुगवटा येऊन कपाळ मोकळे व मुद्रा उजळ दिसते. ताठ प्लास्टिकच्या बँडाची टोके कानामागील हाडावर रुतली, तर तासाभरात डोके दुखू लागते. अशा वेळी कापडाने मढविलेला रुंद बँड बरा. परंतु हेअरबँड आणि गजरा एकाच वेळी सहसा घालू नये. एक दृष्टीला पुढे ओढतो, दुसरा मागे, आणि दोन्हींची शोभा कमी होते.

आता गजरा. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी, उमलण्यापूर्वी खुडाव्यात. ओवलेल्या कळ्या सायंकाळी केसांतच उमलतात. दोन कळ्या एकीकडे, दोन दुसरीकडे तोंड करून देठ मध्ये घ्यावेत आणि गाठ मारावी. केळीच्या सोपाचा ओला दोरा मऊ असल्याने देठ कापीत नाही. नायलॉनचा दोरा आवळला की देठ तुटून कळ्या गळतात. माळल्याखेरीज गजरा ओल्या कापडात ठेवावा. आपल्या मॉरिशसमध्ये एक अडचण अशी की, गणेशोत्सव हिवाळ्याच्या अखेरीस येतो आणि मोगरा हा उन्हाळ्याचा सोयरा. यास्तव त्या दिवसांत कळ्या थोड्या मिळतात. कापडी गजरा वापरण्यात मग कमीपणा नाही. थोड्या खऱ्या कळ्या हाती आल्या, तर त्या कानामागील टोकाशी बांधाव्यात; सुगंध तेथूनच दरवळतो.

त्या मुलीच्या केसांकडे पुन्हा वळू. केस पातळ, पाठीच्या मध्यापर्यंत आणि त्याच सकाळी धुतलेले, म्हणजे घसरते. पुढच्या कार्यक्रमाला आजीने असे केले. न्हाणे आदल्या दिवशीच उरकले. मानेच्या वर तीन बोटांवर शेपटा बांधून त्यावर केसांच्याच रंगाची मखमली स्क्रंची दोन वेढ्यांनी बसविली. तिच्याभोवती केसांचा पीळ गुंडाळल्याने अंबाड्याला आधार मिळाला, शिवाय तो भरदारही दिसू लागला. मग सहा आकडे असे खोचले की प्रत्येकाने अंबाड्याची कड आणि टाळूलगतचे केस दोन्ही पकडावेत.

अंबाडा ९ सेंटीमीटर रुंदीचा झाला, म्हणजे त्याचा घेर सुमारे २८. खालून अर्धचंद्र घालावयास १६ ते १८ सेंटीमीटर गजरा पुरे होतो, दोन्ही टोकांना वीतभर दोरा मोकळा ठेवून. ते दोरे अंबाड्याच्या वरून नेऊन बांधले, आणि दोन टोकांना व मध्ये मिळून तीन पिना लावल्या. पिना फुलांतून नव्हे, दोऱ्यावरून. पूर्ण वेढा घातला, तर लग्नातील भारदस्तपणा येतो. अर्धचंद्र हलका दिसतो आणि नाचताना भारही कमी पडतो. क्लॉ क्लिप मात्र घरीच राहिली. तिच्या दातांनी कळ्या चिरडतात, आणि तिच्या उंचवट्यामुळे गजऱ्याखाली पोकळी राहते.

शेवटी आजीने मुलीला तीनदा मान हलवावयास सांगितले. या परीक्षेत केवळ गजराच हलला, तर पिना चुकल्या. अंबाड्यासकट हलला, तर पाया कच्चा. त्या दिवशी दोन्हींपैकी काहीच हलले नाही. झाकरी संपून मुलगी घरी आली, तेव्हा गजरा जागच्या जागी होता, आणि आजीने तो स्वतःच्या हातांनी सोडविला.