जॅक बसतोय की अर्ध्यावर थांबतोय? दोन वेगळी दुखणी, दोन वेगळे इलाज

(भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि गाडीच्या पेटीतला जॅक जवळ असेल तर समोर ठेवून वाचा.)

आजचा प्रश्न आलाय सारोळ्याहून. पुणे-सातारा हायवेवर किकवी मागे टाकली की नीरा नदीच्या पुलाच्या अलीकडे लागतं ते सारोळे. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. या पट्ट्यात माल वाहणाऱ्या एका टेम्पोवाल्या मित्राने व्हॉइस मेसेज पाठवलाय. म्हणतो, "दादा, दहा टनी बाटली जॅक आहे. आधी पूर्ण वर जायचा, आता अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. वर टायर बदलेपर्यंत गाडी हळूहळू खाली बसते. ऑइल टाकू का नवीनच घेऊ?"

बघा, यात दोन तक्रारी आहेत, आणि आपण त्या एकत्र करून टाकतो. पूर्ण उंचीला न जाणं ही एक, आणि उचललेलं वजन न धरणं ही दुसरी. पहिलीचं कारण बहुतेक वेळा ऑइल कमी असणं. दुसरीचं कारण कुठून तरी ऑइल मागे पळणं. नुसतं ऑइल टाकून दुसरी तक्रार जात नाही.

आधी आत काय चालतं ते पाहू. बाटलीच्या बाहेरच्या भिंतीत ऑइलची टाकी असते. मधे जाड सिलिंडर, त्यात वर येणारा दांडा म्हणजे रॅम. बाजूला बारीक पंप, त्यातल्या प्लंजरला आपण टामी लावून हलवतो. टामी वर नेली की टाकीतलं ऑइल पंपात येतं, खाली दाबली की ते रॅमच्या खाली जातं. ऑइल उलटं फिरू नये म्हणून वाटेत दोन छोटे पोलादी छर्रे असतात. एक टाकी आणि पंपाच्या मधे, दुसरा पंप आणि रॅमच्या मधे. तिसरा छर्रा असतो रिलीज स्क्रूच्या टोकाला. तो स्क्रू सैल केला की रॅमखालचं ऑइल टाकीत परत जातं आणि जॅक खाली येतो.

आता पहिलं दुखणं. पूर्ण वर जात नाही.

सगळ्यात आधी जॅकवरची पट्टी वाचा. रॅमच्या डोक्यात हाताने फिरवून वर काढायचा एक स्क्रू असतो. पट्टीवर लिहिलेल्या एकूण उंचीत तो स्क्रूही धरलेला असतो. ऑइलने होणारी उचल वेगळी लिहिलेली असते. स्क्रू आत ठेवून "जॅक कमी उचलतो" म्हणणारे बरेच भेटतात.

आपल्या मित्राच्या जॅकवर ऑइलची उचल १५ सेंटीमीटर आहे, आणि रॅम १० सेंटीमीटरवर थांबतो. पिस्टनचा व्यास ४५ मिलिमीटर धरू. त्याचं क्षेत्रफळ होतं जवळजवळ १६ चौरस सेंटीमीटर. म्हणजे रॅम १ सेंटीमीटर वर जायला १६ मिली ऑइल लागतं. पूर्ण १५ सेंटीमीटरला २४० मिली. राहिलेल्या ५ सेंटीमीटरला किती? ५ गुणिले १६, म्हणजे ८० मिली. एवढं ऑइल कमी आहे. रॅम किती सेंटीमीटर आधी थांबतो ते पट्टीने मोजा, आणि कमी असलेल्या ऑइलचा अंदाज घरबसल्या मिळतो. तुमचा जॅक वेगळ्या मापाचा असेल तर १६ च्या जागी तुमचा आकडा घ्या.

ऑइल संपल्याची खूण हाताला कळते. टामी एकदम हलकी होते, दाबली तरी पोकळ वाटते, कारण पंप आता हवा ओढतोय. याउलट रिकामा जॅक मस्त पूर्ण वर जातो पण गाडीखाली लावला की टामी जड होऊनही रॅम हलत नाही, तर ऑइलला दोष देऊ नका. वजन जास्त झालंय आणि आतल्या सेफ्टी व्हॉल्व्हने ऑइल टाकीत परत सोडलंय. तो व्हॉल्व्ह कारखान्यात बसवलेला असतो. त्याचा स्क्रू आवळून "ताकद वाढवायची" नाही. मोठ्या टनाचा जॅक घ्यायचा.

ऑइल भरताना जॅक उभा, सपाट जागेवर, आणि रॅम पूर्ण खाली हवा. बाजूचं रबरी बूच काढा आणि भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. रॅम वर असताना काठोकाठ भरलं तर तो खाली येताना ऑइलला जायला जागा उरत नाही. टाकीत थोडी हवेची जागा लागतेच. ऑइल हायड्रॉलिक जॅकचंच घ्या, डब्यावर साधारणपणे ३२ नंबर असतो. पण जॅकसोबतच्या कागदावर वेगळा नंबर असेल तर तोच खरा. ब्रेक ऑइल अजिबात नाही. ते या जॅकमधल्या रबरी सीलना फुगवून मऊ करतं, आणि मग आज भरलेला जॅक पुढच्या महिन्यात गळतो.

भरून झालं की एअर काढा. रिलीज स्क्रू एक-दीड फेरा सैल करा आणि वजन नसताना टामी दहा-पंधरा वेळा भराभर मारा. स्क्रू बंद करा, रॅम पूर्ण वर न्या, परत खाली आणा. बूच क्षणभर उचलून हवा सोडा. टामी अजून स्पंजसारखी लागली तर परत एकदा करा.

आता दुसरं दुखणं. जॅक बसतो.

इथे आधी दाब किती असतो ते समजून घ्या. टेम्पोच्या मागच्या चाकाकडून ६ टन वजन रॅमवर आलं असं धरू. १६ चौरस सेंटीमीटरवर ६००० किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास ३७५ किलो. ट्रकच्या टायरमधला हवेचा दाब साधारण ८ च्या आसपास असतो. आता सांगा, त्या दाबाला छर्ऱ्याखाली अडकलेला एक वाळूचा कण किती मोठी वाट देत असेल! रॅम मिनिटाला १ मिलिमीटर खाली येत असेल, तर फक्त १.६ मिली ऑइल पळतंय. जेमतेम तीसेक थेंब. पण टायर बदलायला वीस मिनिटं लागली तर गाडी २ सेंटीमीटर खाली आलेली असते.

हे थेंब कुठून पळतात ते शोधायचं. चाचणी घेताना गाडीचा हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅकखाली जाड फळी ठेवा, आणि गाडीच्या खाली मजबूत स्टँड असा उभा करा की गाडी बसली तरी एक-दोन सेंटीमीटरच खाली येऊन त्याच्यावर टेकेल. फक्त जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं जाता कामा नये, चाचणीसाठी तर मुळीच नाही. मग जॅक पुसून कोरडा करा, थोडी गाडी उचला, रॅमवर मार्करने खूण करा आणि दहा मिनिटं नुसतं बघा.

बाहेर ऑइल दिसलं तर सोपं आहे. रॅमच्या गळ्याशी ओल आली तर मोठा सील गेला. प्लंजरच्या गळ्याशी आली तर पंपाचा सील. रिलीज स्क्रूच्या बाजूने झिरपतंय तर तिथली ओ-रिंग. त्याच जॅकचा सील किट आणायचा. बसवताना एक गोष्ट सांभाळा. रॅमचा सील वाटीसारखा असतो, आणि वाटीचं तोंड ऑइलच्या दाबाकडे हवं. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हापासून दाबाखाली गळणारी फट हीच मोठी डोकेदुखी होती. उपाय ठरला तो चामड्याच्या वाटीचा. दाब वाढेल तशी वाटीची कड भिंतीला अजून घट्ट चिकटते. वाटी उलटी बसवली की हा फायदा संपला.

बाहेर सगळं कोरडं आहे आणि तरी खूण खाली सरकतेय? मग ऑइल आतल्या आत टाकीत जातंय. आता टामीकडे बघा. जॅक बसताना टामी आपोआप वर उचलली जात असेल, तर पंप आणि रॅममधला छर्रा नीट बसत नाहीये. रॅमखालचं ऑइल मागे येऊन प्लंजरला ढकलतंय. टामी जागची हलत नसेल, तर पहिला संशय रिलीज स्क्रूच्या छर्ऱ्यावर.

आपल्या मित्राला मी हेच बघायला सांगितलं. त्याची टामी हलत नव्हती, बाहेर थेंब नव्हता. म्हणजे रिलीज. इथे बहुतेक जण पक्कड लावून स्क्रू अजून आवळतात. त्याने कण छर्ऱ्याच्या बैठकीत रुततो आणि कायमची खाच पडते. त्याऐवजी वजन काढा, रिकामा रॅम पूर्ण वर न्या, स्क्रू दोन फेरे सैल करून रॅम जोरात खाली दाबा. पळणारं ऑइल कण धुऊन नेतं. असं तीन-चार वेळा करून स्क्रू टामीच्या टोकाने, हाताच्या जोराने बंद करा आणि परत दहा मिनिटांची चाचणी घ्या.

तरीही बसला, तर ऑइल पूर्ण काढून स्क्रू बाहेर घ्यायचा आणि छर्रा चुंबकाने उचलायचा. त्याच्यावर ओरखडा असेल तर त्याच मापाचा नवीन टाकायचा. काढलेलं ऑइल काळं किंवा दुधाळ असेल तर तेही फेकायचं. दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय.

कधी थांबायचं? रॅमवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर नवा सील त्याच खड्ड्यांवर घासून परत फाटणार. बुडाला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरायचा नाही. हे दोन दिसले की जॅक भंगारात.

आणि शेवटचं, हे दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून. आपल्याकडे जॅक सीटखाली आडवा पडलेला असतो, रॅम अर्धवट वर, त्याच्यावर चिखल वाळलेला. आडव्या जॅकमधून ऑइल झिरपतं आणि पंपात हवा शिरते, उघडा रॅम गंजतो, आणि चिखलातली वाळू सील कापते. म्हणून काम झालं की रॅम पुसा, पूर्ण खाली आणा, आणि जॅक उभा बांधून ठेवा. एक जुना पट्टा पुरतो.

तुमचा जॅक कुठे अडतो, ते आकडा मोजून कळवा. किती सेंटीमीटरवर थांबतो, किंवा दहा मिनिटांत किती मिलिमीटर बसतो. भेटू पुढच्या भागात!