साठ दिवस की एकशेवीस?

गणपतीला कोकणात जायचं म्हटलं की घरोघरी पहिला प्रश्न असतो, आरक्षण कधी उघडणार? समजा, 25 ऑगस्ट 2025 च्या गाडीसाठी हाच प्रश्न तुम्ही एखाद्या प्रवासी कंपनीच्या चॅटबॉटला विचारलात. बरोबर उत्तर 26 जून. पण तो 27 एप्रिल सांगू शकतो, आणि तेही छातीठोकपणे.

रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली. परिपत्रक निघालं 16 ऑक्टोबर 2024 ला, नियम लागू झाला 1 नोव्हेंबरपासून. चॅटबॉटच्या माहितीसाठ्यात मात्र दोन्ही कागद शेजारी शेजारी पडून असतात. असे बरेचसे बॉट कागदांचे छोटे तुकडे करून ठेवतात आणि प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे शोधून त्यावरून उत्तर रचतात. इथे दोन्ही तुकड्यांची भाषा जवळजवळ सारखी, फरक काय तो आकड्याचा. शोध जवळीक मोजतो. कुठला कागद रद्द झाला हे त्याला कळत नाही.

मग सर्वांत नवा कागद खरा मानायचा? 20 ऑक्टोबर 2024 ला हा उपाय तोंडावर आपटला असता. नवं परिपत्रक हातात होतं, पण त्या दिवशी मुदत अजून 120 दिवसांचीच होती. म्हणजे कागदावर निघाल्याची तारीख लिहून भागत नाही. नियम कधीपासून लागू आणि कधीपर्यंत, हेही प्रत्येक तुकड्याला चिकटवावं लागतं. मग शोधाआधीच त्या दिवशी लागू नसलेले तुकडे बाजूला काढता येतात.

जुना कागद फाडून टाकावा, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. 31 ऑक्टोबरपर्यंत जुन्या मुदतीत काढलेली तिकिटं नव्या परिपत्रकाने कायम ठेवली होती. नोव्हेंबरात कुणी विचारलं, ‘माझं फेब्रुवारीचं तिकीट चालेल ना?’, तर उत्तरासाठी दोन्ही नियम लागतात. इथे पाहायची तारीख प्रवासाची नव्हे, तिकीट काढल्याची. शिवाय परदेशी पर्यटकांची 365 दिवसांची मुदत बदललीच नव्हती. जुनं पान सरसकट रद्द केलं, तर त्यावरची ही ओळही जाते.

गंमत म्हणजे 2013 ते 2015 या काळातही मुदत 60 दिवसांचीच होती. तेव्हाचा कागद साठ्यात राहिला असेल, तर बॉट बरोबर आकडा चुकीच्या कागदावरून सांगेल आणि चाचणीत पासही होईल. म्हणून तपासताना नुसतं उत्तर पाहू नका, ते कुठल्या तुकड्यावरून आलं तेही उघडून पाहा. आणि एक प्रश्न 31 ऑक्टोबरची तारीख धरून विचारा, दुसरा 1 नोव्हेंबरची. दोन्हींना एकच उत्तर आलं, तर तारखांची गाळणी चालत नाही.