हसू ओठांवर, डोळे कोरडे

एआयकडून माणसांची चित्रं काढून घेणाऱ्यांना एक चेहरा पुन्हा पुन्हा भेटतो. त्वचा गुळगुळीत, दात एकसारखे, डोळे टक्क उघडे आणि थेट बघणाऱ्यावर रोखलेले. 'आनंदी आजी' मागा नाहीतर 'आनंदी शेतकरी', हसू तेच. नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्राकडे बघवत नाही. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आपुलकी वाढते, मात्र तो जवळजवळ माणूसच वाटू लागला की एका टप्प्यावर तिची जागा शिसारी घेते, असं जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं होतं. ही चित्रं नेमकी त्या टप्प्यावर अडकतात.

याचं एक मोठं कारण मागणीच्या शब्दांत असतं. ही साधनं असंख्य छायाचित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांवर शिकलेली असतात. ज्या फोटोखाली नुसतं 'आनंदी स्त्री' लिहिलेलं असतं, तो बहुधा जाहिरातीसाठी पोझ देऊन काढलेला असतो. तेव्हा 'आनंदी' म्हटलं की जाहिरातीतलं हसू हाती येतं. भावनेचं नाव सांगून भागत नाही. ती भावना शरीरावर कुठे उमटते, ते सांगावं लागतं.

ते कुठे उमटतं, याचा शोध फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ सालच्या ग्रंथात घेतला होता. चेहऱ्याची संवेदना कमी झालेल्या एका वृद्धाच्या स्नायूंना त्यांनी विजेचा सौम्य प्रवाह देऊन छायाचित्रं काढवून घेतली. गालाचा स्नायू आखडला की ओठांचे कोपरे वर जातात, पण एवढ्याने चेहरा हसल्यासारखा वाटत नाही. खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळतो. गाल वर सरकतात, खालची पापणी फुगते, डोळे बारीक होतात, कडांना सुरकुत्या पडतात. हा स्नायू सहसा मनाच्या हुकमाने हलत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. काहींना तो मुद्दामही हलवता येतो, हे पुढे दिसून आलं. तरी चित्रासाठी ही खूण फार कामाची आहे.

आता एक उदाहरण घेऊ. पहिली मागणी अशी: 'सत्तरीची आजी, आनंदी, सुंदर हसरा चेहरा, नऊवारी साडी.' यात आजी काय करते आहे, कोणाकडे बघते आहे, कशामुळे हसते आहे, यातलं काहीच नाही. मग ती कॅमेऱ्याकडेच बघणार. 'सुंदर' या शब्दाने सुरकुत्याही पुसल्या जातात, आणि हसू ओळखू येतं ते त्याच सुरकुत्यांवरून.

तीच मागणी नव्याने लिहू: 'सत्तरीची आजी जमिनीवर बसून मेथी निवडते आहे. शेजारच्या नातीने नुकतंच काहीतरी खोडकर सांगितलं आहे. आजी नातीकडे बघते आहे. ओठ मिटलेले, हसू दाबल्यासारखे. गाल वर आलेले, दोन्ही डोळे किंचित बारीक, कडांना सुरकुत्या. मान नातीच्या बाजूला कललेली, खांदे सैल. हातातली जुडी क्षणभर थांबलेली.'

यात सगळ्यात जास्त काम 'नुकतंच' करतं. हसण्याला कारण मिळालं, नजरेला जागा मिळाली, हातांना काम मिळालं. एरवी मोकळे हात मांडीवर पुतळ्यासारखे ठेवलेले दिसतात. मान आणि खांदे हसण्याला साथ देत नसतील, तर डोळे चांगले उतरूनही चेहरा धडावर चिकटवल्यासारखा वाटतो.

बिघडण्याच्या जागा इथेही आहेत. 'दोन्ही' हा शब्द गाळला तर आजी डोळा मारतेय असं वाटू शकतं. 'खूप', 'अतिशय' अशी विशेषणं चढवली की चेहरा नाटकी होतो. 'दात दाखवू नको' म्हटलं की अनेक साधनं 'दात' तेवढा उचलतात. त्यापेक्षा 'ओठ मिटलेले' असं सरळ सांगावं. पूर्ण देह मागितला की चेहऱ्याच्या वाट्याला चित्रातली फार थोडी जागा येते आणि डोळे विस्कटतात. भाव महत्त्वाचा असेल तर कंबरेपासून वरचं चित्र मागणं बरं.

चित्र आलं की आधी हाताने चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकून बघावं. फक्त डोळ्यांवरून आजी हसतेय हे कळायला हवं. मग वरचा भाग झाकून ओठ बघावेत. दोन्हींतून वेगळा भाव येत असेल तर चूक सापडली. अशा वेळी सगळं वर्णन नव्याने लिहू नका. डोळ्यांचं तेवढं वाक्य बदला आणि चित्र पुन्हा मागवा.