ऐंशीचा शेअर सत्तरला

पीटर थील यांनी २००४ मध्ये फेसबुकमध्ये पाच लाख डॉलर घातले आणि १०.२ टक्के हिस्सा घेतला. या हिशेबाने पैसे आल्यानंतर कंपनीचं मोल सुमारे ४९ लाख डॉलर ठरतं. हे पोस्ट-मनी मूल्यांकन. त्यातून थील यांचे पाच लाख वजा केले की राहतात ४४ लाख, ते प्री-मनी. गुंतवणूकदाराचा टक्का काढायचा तो पोस्ट-मनीवर.

अशा फेरीत संस्थापक सहसा स्वतःचे शेअर विकत नाहीत. कंपनी नवे शेअर काढते. संस्थापकांच्या शेअरांची संख्या तेवढीच राहते, टक्का मात्र घटतो. यालाच डायल्यूशन म्हणतात, आणि ते सगळ्यांना दिसतं. न दिसणारी घट ऑप्शन पूलमधून होते.

समजा, दोन मित्रांच्या कंपनीत दहा लाख शेअर आहेत. गुंतवणूकदार म्हणतो, आठ कोटी प्री-मनी, मी दोन कोटी घालतो. पोस्ट-मनी दहा कोटी, त्याचा हिस्सा २० टक्के. मित्र खूश होतात: ८० टक्के आपले, शेअरचा भाव ८० रुपये.

पण टर्म शीटमध्ये आणखी एक ओळ असते. पुढे नोकरीला येणाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा ऑप्शन पूल ठेवायचा आणि तो प्री-मनीतच धरायचा. आता गुंतवणूकदाराचे २० टक्के शाबूत, पूल १० टक्के आणि मित्रांकडे ७०. त्यांचे दहा लाख शेअर म्हणजे ७० टक्के, तेव्हा एकूण शेअर सुमारे १४.२९ लाख झाले. दहा कोटींना त्यांनी भागलं की भाव येतो ७० रुपये. कागदावर आठ कोटी लिहिलेल्या कंपनीला प्रत्यक्षात सातच कोटी मिळाले. अजून एकही माणूस नेमलेला नसताना!

हाच पूल पैसे आल्यानंतर काढला असता, तर भार दोघांवर पडून मित्रांकडे ७२ आणि गुंतवणूकदाराकडे १८ टक्के राहिले असते. म्हणूनच तो या ओळीवर अडून बसतो.

संस्थापकांनी पूल नाकारण्यात अर्थ नाही. चांगली माणसं शेअरशिवाय येत नाहीत. वाद घालायचा तो आकाराचा. पुढच्या दीड वर्षात कोणाकोणाला घ्यायचं आणि कोणाला किती द्यायचं, याची यादी करावी. बेरीज पाच टक्के आली, तर पूलही पाचच टक्के मागावा. मग मित्रांकडे ७५ टक्के राहतात आणि भाव ७५ रुपयांवर जातो. मूल्यांकनाचा आकडा न हलवता मिळालेले हे पन्नास लाख.

पुढच्या फेरीत नवा गुंतवणूकदार पूल पुन्हा भरायला सांगतो. या वेळी भार पहिल्या गुंतवणूकदारावरही पडतो, आणि पूल लहान ठेवा म्हणायला तोही संस्थापकांच्या बाजूने बसतो.