राखी आधी, नातं मागून

१६ ऑक्टोबर १९०५ ला कोलकात्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटली नाही. लॉर्ड कर्झननं ठरवलेली बंगालची फाळणी त्या दिवशी अमलात येत होती आणि दुखवटा म्हणून स्वयंपाक करायचा नाही, असं लोकांनी ठरवलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला आणखी एका गोष्टीची जोड दिली. त्या दिवशी लोकांनी एकमेकांना राख्या बांधायच्या. श्रावण पौर्णिमा होऊन दोन महिने उलटले होते, आणि बांधणाऱ्यांमध्ये सख्खे बहीणभाऊ शोधूनही फारसे सापडले नसते.

रवींद्रनाथांचे पुतणे, चित्रकार अवनींद्रनाथ, यांनी त्या सकाळची हकीकत पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे. काकांचा हुकूम असा की गंगेवर आंघोळीला सगळ्यांनी पायी जायचं, गाडीघोडा नाही. पुतण्याला चालायचा मनस्वी कंटाळा, पण इलाज नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर माणसांची दाटी. बायका लाह्या उधळत होत्या, शंख फुंकत होत्या. घाटावर स्नान झालं आणि जो समोर येईल त्याच्या मनगटावर राखी चढू लागली. परतताना एका तबेल्यात काही मुसलमान मोतद्दार घोडे खरारा करत होते. रवींद्रनाथ सरळ आत शिरले, त्यांना राख्या बांधल्या आणि मिठी मारली. मोतद्दार चकित झाले. मग चितपूरच्या मोठ्या मशिदीत जायची टूम निघाली, तेव्हा अवनींद्रनाथ घाबरले. आता मारामारी होणार या भीतीनं ते गल्लीतून निसटून घरी आले. बऱ्याच वेळानं बाकीची मंडळी परतली. मौलवींना राख्या बांधल्या, असं त्यांनी सांगितलं. मग काय झालं? काही नाही, ते नुसते हसले.

या प्रसंगाची गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. १९०७ साली पूर्व बंगालमध्ये हिंदू-मुसलमानांच्या दंगली झाल्या. पुढे टागोरांनीच एका लेखात एका स्वदेशी कार्यकर्त्याबद्दल लिहिलं. त्याला पाणी प्यायचं होतं, म्हणून त्यानं आपल्या मुसलमान सहकाऱ्याला बेधडक ओसरीवरून खाली उतरायला सांगितलं होतं. राखी एका सकाळी बांधून झाली होती, पण तिच्यामागून जे रोजचं वागणं यायला हवं होतं ते आलं नव्हतं. राखीकडे बघताना हे दोन्ही प्रसंग सोबत ठेवायला हवेत. नातं नसेल तिथे ते जोडण्याची ताकद या दोऱ्यात आहे. ते टिकवण्याचं काम मात्र माणसांनाच करावं लागतं.

आणि नातं जोडणं हा राखीचा जुना स्वभाव आहे. चुलतभावंडांना, मित्रांना राखी बांधणं हे आजच्या काळानं काढलेलं नवं खूळ आहे, असं मानणाऱ्यांनी थोडं मागे जाऊन पाहावं. भविष्यपुराणातल्या रक्षाबंधनाच्या कथेत इंद्राच्या हाताला रक्षा बांधली जाते ती शचीच्या पुढाकारानं, म्हणजे पत्नीच्या. त्याच पुराणात राजासाठी रक्षा कशी करायची तेही येतं. कापडाच्या पुरचुंडीत अक्षता, पांढरी मोहरी आणि सोनं घालायचं आणि पुरोहितानं ती राजाच्या हाताला बांधायची. बहीण या विधीत कुठेच नाही. महाराष्ट्रातही श्रावणातल्या या पौर्णिमेचं एक जुनं नाव पोवती पौर्णिमा. सुताला गाठी मारून पोवती करायची, देवाला वाहायची आणि मग घरच्यांच्या हातात बांधायची. किनाऱ्यावर त्याच दिवशी कोळी बांधव समुद्राला नारळ देतात. बहीणभावाचा सण म्हणून मराठी घरात जुना मान आहे तो भाऊबीजेचा. राखीचा आजचा थाट त्या मानानं अलीकडचा.

मग दोरा बहिणीच्या हातात आला कधी? उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात तो बदल होत असताना पाहायला मिळाला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियट १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अलीगढजवळच्या एका गावात राहिले. लिखाणात त्यांनी त्या गावाला किशनगढी असं टोपणनाव दिलं. तिथे श्रावण पौर्णिमेला सलूनो साजरा व्हायचा. सासरी गेलेल्या मुली माहेरी यायच्या आणि जवाचे कोवळे अंकुर भावांच्या डोक्यावर, कानांवर ठेवायच्या. त्याच दिवशी पुरोहित आपल्या यजमानांच्या घरोघर जाऊन मनगटाला दोरा बांधायचे आणि दक्षिणा घ्यायचे. म्हणजे अंकुर बहिणीचे आणि दोरा भटजींचा. मॅरियट यांच्या डोळ्यांदेखत काही घरांतल्या बहिणी शहरातून आलेले दोरे भावांना बांधू लागल्या होत्या. दोन निरनिराळे रिवाज एकाच मनगटावर येत होते.

राजस्थानात तर राखी ही परक्या पुरुषाला भाऊ करून घेण्याची रीतच होती. कर्नल जेम्स टॉड १८१८ ते १८२२ या काळात मेवाडात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्यानं राजपुतान्याच्या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १८२९ साली निघाला. उदयपूर, बुंदी आणि कोटा इथल्या राण्यांनी आपल्याला राखीबंद भाऊ केलं होतं, असं त्यात तो अभिमानानं सांगतो. अशा भावानं राखी स्वीकारली की उलट एक कांचळी, म्हणजे चोळी पाठवायची. ती साध्या रेशमाची असली तरी चालायची, जरीची आणि मोत्यांची असली तरी चालायची. राखी पाठवणाऱ्या बहिणीचा चेहराही त्या भावाला कधी दिसायचा नाही. पण तिच्यावर वेळ आली तर धावून जाणं त्याच्या माथी आलं. चोळी म्हणजे ‘पोचली, मान्य आहे’ असा निरोप होता. ओवाळणीचं मूळ काम तेच आहे. ती पावती आहे, आणि पावतीची किंमत जेव्हा व्यवहारापेक्षा मोठी होते तेव्हा सणाचा तोल जातो. वहिनीला काय वाटेल, धाकटीला किती आणि थोरलीला किती, या हिशेबात बहिणी गप्प होतात आणि भाऊ यायचं टाळतात. ज्या घरांत सगळ्या बहिणींना सारखी, ठरलेली छोटी रक्कम देतात, तिथे हा ताण बराच कमी असतो.

मराठी घरातली चुलत-मावस भावंडांची रांग हा तर वेगळाच विषय आहे. पाट मांडलेला, तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाचं निरांजन. थोरल्यापासून सुरुवात. सुपारी आणि अंगठी चेहऱ्याभोवती फिरवून तबकात परत टेकवायची, मग निरांजनानं ओवाळायचं, डोक्यावर अक्षता, उजव्या मनगटावर राखी आणि तोंडात नारळी भाताचा घास. या रांगेत सख्खा, चुलत, मावस असा फरक दिसत नाही. काकांचा मुलगा आणि मावशीचा मुलगा हे भाऊच.

आत्याच्या मुलाशी मात्र अनेक मराठी समाजांत गाडी जरा अडते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात नोंदवलं आहे की महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना पसंत केलं जातं. म्हणजे मुलीच्या बाजूनं पाहिलं तर आतेभाऊ हा नवरा होऊ शकतो. अशा घरांत पोरीनं आतेभावाला राखी बांधू नये असा दंडक असतो, आणि तिनं ती बांधली तर तो दरवाजा बंद झाला असं सगळे समजतात. एरवी घरात तोंड उघडता न येणाऱ्या एखाद्या मुलीनं तबक हातात घेऊन आतेभावासमोर बसणं, यात तिचा नकार स्पष्ट असतो. दोऱ्याला एवढं वजन आहे ते या कारणानं.

मैत्रीतली राखी याच वजनावर चालते. ‘मानलेला भाऊ’ ही जागा मराठी समाजात नेहमीच होती. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळावं, अशी रीत आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास धरतात, आणि नागालाच भाऊ मानण्याची श्रद्धाही आहे. जिथे चंद्र आणि नाग भाऊ होऊ शकतात, तिथे शेजारचा, वर्गातला किंवा कचेरीतला मित्र का होऊ नये? अट एकच. दोन्ही बाजूंनी मनापासून हवं. वर्गातल्या सगळ्या मुलींनी सगळ्या मुलांना राखी बांधायची असं शाळेनं फर्मान काढलं की त्या दिवशी मुलं गैरहजर राहतात, हे शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. मुली कुणाची तरी पिडा टाळण्यासाठी राखी पुढे करतात, तेव्हाही नातं जुळत नाही, फक्त आडोसा मिळतो.

सक्तीच्या राखीचं टोक २०२० साली दिसलं. शेजारणीच्या घरात शिरून तिचा विनयभंग केल्याचा आरोप असलेल्या एका माणसाला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं जामीन दिला तो एका अटीवर. राखीच्या दिवशी, म्हणजे ३ ऑगस्टला, त्यानं पत्नीसह मिठाई घेऊन त्याच बाईच्या घरी जायचं, राखी बांधायची विनंती करायची, रक्षणाचं वचन द्यायचं, ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये आणि तिच्या मुलाला कपडे-मिठाईसाठी पाच हजार द्यायचे. म्हणजे जिला त्याची दहशत, तिनंच त्याच्यासाठी दार उघडायचं. नऊ महिला वकील याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १८ मार्च २०२१ ला ती अट रद्द झाली. छळाचा आरोप असलेला माणूस न्यायालयाच्या हुकमानं भाऊ होऊ शकत नाही, असं न्यायमूर्तींनी ठणकावून सांगितलं. अशा गुन्ह्यांत आरोपी आणि तक्रारदार यांची गाठ घालून देणाऱ्या अटी लादू नयेत, असं खालच्या न्यायालयांनाही बजावलं. कोणाला राखी बांधायची आणि कोणाला नाही, हे बांधणारीनं ठरवायचं असतं. त्या निकालानं तिचा हा हक्क वाचवला.

हा हक्क पुढच्या काळात अधिकच वापरावा लागणार आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुलं. एकुलत्या एका मुलाला सख्खी बहीण नसते. आई आणि बाबा दोघंही एकुलते असतील तर त्या मुलाला काका, मामा, आत्या, मावशी यांतलं कोणीच नसतं, आणि म्हणून चुलत-मावस भावंडांची ती रांगही नसते. बहीण असली तरी ती बंगळुरात नाहीतर टोरांटोत असते. टपाल खातं पावसात न भिजणारी राखीची पाकिटं विकतं. त्यात बहीण राखीसोबत कुंकवाची आणि अक्षतांची छोटी पुडी घालते. पण पाकीट पोचलं तरी एका हातानं स्वतःच्या मनगटावर गाठ मारता येत नाही. कुणाला तरी हाक मारावी लागते. शेजारच्या काकू, सोबत राहणाऱ्या मित्राची बहीण, कचेरीतली मैत्रीण, जी कोणी येते ती बहिणीच्या वतीनं औक्षण करते. फोनच्या पडद्यावर खरी बहीण सूचना देत असते, निरांजन उजवीकडून फिरव, अक्षता राहिल्या. पुढच्या श्रावणात ती मैत्रीण पुष्कळदा एक राखी स्वतःच्या नावाचीही आणते आणि दोन्ही बांधते.