आधी FAILED, मग SUCCESS

समजा, हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारं एक दुकान आहे. गिऱ्हाईक यूपीआयने २,४०० रुपये भरतं. १०.०७ला पेमेंट कंपनीचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला आपणहून निरोप पाठवतो: FAILED. या निरोपाला कॉलबॅक म्हणतात. ऑर्डर रद्द होते. १०.४०ला दुकानाचा डेव्हलपर त्याच व्यवहाराची स्थिती विचारतो, तर उत्तर येतं SUCCESS. तो कंपनीच्या सपोर्टला ईमेल लिहितो.

"तुमची सिस्टीम बिघडली आहे" असं लिहिलं, तर "तपासतो" यापलीकडे उत्तर येत नाही. जाणता डेव्हलपर ऑर्डर क्रमांक, बँकेचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि दोन्ही उत्तरं जशीच्या तशी जोडतो:

```
10:07:12 IST  callback  FAILED
10:40:03 IST  query     SUCCESS
```

मग तो नेमकं विचारतो: "१०.०७चं FAILED बँकेने कळवलं होतं, की तुमची वाट पाहण्याची मुदत संपली म्हणून तुम्ही लावलंत? स्थिती बदलल्यावर दुसरा कॉलबॅक पाठवलात का? हे पैसे आमच्या खात्यात येणार, की गिऱ्हाइकाला परत जाणार?"

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण बहुतेकदा गोम तिथेच असते. गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे कापलेले असतात, पण एनपीसीआयमार्फत येणारं तिचं उत्तर वाटेत अडकतं. पेमेंट कंपनी ठरावीक वेळ थांबते आणि व्यवहार अयशस्वी धरते. पुढे बँकेचं उत्तर पोहोचतं किंवा हिशेब जुळवताना पैसे सापडतात आणि नोंद बदलते. कॉलबॅकने त्या क्षणी माहीत होतं ते सांगितलं, स्थितीच्या चौकशीने आत्ताचं सांगितलं. दोन्ही आपापल्या वेळी बरोबर होती.

कॉलबॅक उशिरा येतो, दोनदा येतो, कधी उलट्या क्रमानेही येतो. म्हणून तो आला की आधी त्याची डिजिटल सही तपासावी, मग स्थिती स्वतः विचारावी आणि त्यानंतरच ऑर्डरला हात लावावा. मुदत संपल्यामुळे आलेलं FAILED हे काही काळ 'प्रलंबित' मानावं. एवढ्यात गिऱ्हाइकाला "पुन्हा पैसे भरा" म्हणणं माझ्या मते सरळ अन्याय आहे, कारण त्याचे दुप्पट पैसे अडकतात.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तुमच्यावर असा प्रसंग आला, तर तो १२ आकडी क्रमांक जपून ठेवा आणि तक्रारीत तोच सगळ्यात आधी लिहा.